पुण्यात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला, फीचा प्रश्न नाही, पण राहण्या-जेवणाचं काय? (मदत हवी आहे)

केजकर
माझ्या धाकट्या बहिणीला कॅपमधून पुण्याच्या सरकारी कॉलेजात मेकॅनिकलला जागा मिळाली. आम्ही केज तालुक्यातले, अनुसूचित जातीचे. बारावीच्या पुढे जाणारी घरात ती पहिलीच. आई-बाबा ऊसतोडीला जातात, मी टेम्पो चालवतो. शिष्यवृत्तीमुळे कॉलेजनं शिक्षण शुल्क मागितलं नाही. पण समाजकल्याणच्या वसतिगृहाची यादी लागलेली नाही आणि वर्ग पुढच्या आठवड्यात सुरू होतायत. कॉट बेसिसवर खोली पाहिली: महिना चार हजार, तेवढंच डिपॉझिट, मेस वेगळी. बाबा म्हणतात, मुकादमाकडून उचल वाढवून घेतो. मला ते नकोय, मागच्या हंगामाचीच उचल फिटलेली नाही. वसतिगृह न मिळालेल्यांना समाजकल्याणकडून मिळणारे स्वाधार योजनेचे पैसे कधी येतात? तोवर काय करायचं?

सुहास_ठाणे
अहो, 2024 पासून मुलींना उच्च शिक्षण मोफत आहे. कॉलेजला तो जीआर दाखवा, काम होईल.

केजकर
दादा, फी त्यांनी मागितलेलीच नाही. प्रश्न खोलीचा आणि जेवणाचा आहे.

वंदना_ताई
सुहास, तो जीआर ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा आहे. मेसचा रुपयाही त्यातून सुटत नाही.

केजकर, मी पुण्यात अशा मुलींचे फॉर्म भरून देते, म्हणून स्पष्टच सांगते. स्वाधार पहिल्या महिन्यांसाठी धरू नका. पुण्यासाठी वर्षाला 60,000 आहेत: जेवणाचे 32,000, राहण्याचे 20,000, इतर 8,000. इंजिनीअरिंगला साहित्यासाठी 5,000 वेगळे. पण आधी वसतिगृहाची निवड होते, मग उरलेल्यांचे स्वाधार अर्ज तपासतात, आणि 75 टक्के हजेरीही लागते. पैसे हातात येईपर्यंत अर्धं वर्ष सहज जातं. शिवाय 20,000 दहा महिन्यांवर टाकले तर महिन्याला दोनच हजार. तुमच्या खोलीचं भाडं त्याच्या दुप्पट आहे.

म्हणून वसतिगृहाचा अर्ज hmas.mahait.org वर आजच भरा. स्वाधारची वाटही तिथूनच जाते. दुसरं, पुण्यातल्या विद्यार्थी साहाय्यक समितीत चौकशी करा. 1955 पासून खेड्यातल्या गरजू मुलामुलींना कमी खर्चात राहायला-जेवायला देतात. मुलाखत होते, जागा मिळेलच असं नाही. तिसरं, कॉलेजच्या रेक्टरना भेटून हॉस्टेलचं डिपॉझिट हप्त्यांनी घ्या असा लेखी अर्ज द्या. बहुतेक मुली हे तोंडी विचारतात आणि नकार घेऊन परततात.

नागनाथ
माझं ऐका. माझी शिष्यवृत्ती पोर्टलवर जमा दाखवत होती आणि पासबुकात काहीच नव्हतं. सिम घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं आणि आधार त्यालाच जोडलं गेलं होतं. डीबीटीचा पैसा फॉर्मवरच्या खात्यात नाही, आधार जोडलेल्या खात्यात जातो. myaadhaar.uidai.gov.in वर Bank Seeding Status बघा, बँकेचं नाव दिसतं.

अमोल_इंजि
कॉलेजचं हॉस्टेल घ्या आणि स्वाधारही घ्या. माझ्या मित्रानं दोन्ही घेतलं.

वंदना_ताई
अमोल, मी अशी प्रकरणं मंजूर झालेलीही पाहिलीत आणि नाकारलेलीही. केजकर, हे सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी विचारा आणि पोच घ्या.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट मुलीच्या खात्यात येतो आणि त्यात शिक्षण शुल्कही असतं. ते सात दिवसांत कॉलेजला भरायचं असतं. घरभाडं थकलेलं असताना अचानक मोठी रक्कम दिसली की ती खोलीला, उसनवारीला जाते, आणि शेवटच्या वर्षी कॉलेज बाकी दाखवून कागद अडवतं. असं झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या एकीनंही चैन केली नव्हती. पैसे येताच कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन यातलं शुल्क किती ते लिहून घ्या.

केजकर
हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. खातं बघितलं, आधार गावच्या बँकेलाच जोडलेलं आहे. आणखी एक, आई-बाबा दसऱ्यानंतर कर्नाटकात जातील ते मार्चपर्यंत. मध्ये त्यांची सही लागली तर?

वंदना_ताई
ते जायच्या आत तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अडीच लाखांच्या आतला, काढून ठेवा. बाबांच्या आधारला कुठला मोबाइल नंबर आहे? ओटीपी त्यावरच येतो. तो फोन फडावर गेला आणि रेंज नसली तर अर्ज तिथेच अडकतो.

केजकर
नंबर बाबांचाच आहे, पण ते सिम बंद पडलंय. उद्या आधार केंद्रावर नेतो त्यांना. समितीत मुलाखतीला पालक लागतात का, कुणी नुकतंच जाऊन आलंय का?