पहिल्या भेटीत काका-काकूच
> रविवारी मुलाकडचे येणार आहेत. त्याच्या आईवडिलांना मी काय म्हणू? आणि माझ्या आईबाबांनी त्यांना काय म्हणायचं?

तू सरळ ‘काका, काकू’ म्हण. मुलगाही तुझ्या आईबाबांना तेच म्हणेल. ‘आई-बाबा’ नंतरचं. दारात हात जोडून ‘नमस्कार काकू, या ना’ एवढं पुरतं. वाकून नमस्कार आमच्याकडे सोबत आलेल्या आजी-आजोबांना आधी करतात.

मोठ्यांचं जरा अवघड असतं. बाबांनी मुलाच्या वडिलांच्या आडनावाला ‘साहेब’ किंवा नावाला ‘राव’ जोडावं, आईने मुलाच्या आईला ‘ताई’ म्हणावं. ‘व्याही’, ‘विहीणबाई’ मात्र कटाक्षाने टाळा, ती नाती लग्न ठरल्यावरची. माझ्या वेळी मामा पोह्यांची बशी पुढे करत ‘घ्या व्याहीबुवा’ म्हणाले, आणि मुलाच्या वडिलांचा हात बशीपाशीच थांबला. होकार गृहीत धरल्यासारखं वाटलं त्यांना. आईने पटकन ‘घर सापडायला त्रास नाही ना झाला?’ विचारलं, तेव्हा कुठे बोलणं पुढे सरकलं.

घर सापडण्याचा हा प्रश्न तुझ्या आईला आधीच सांगून ठेव. आणि निघताना ते ‘येतो, कळवतो’ म्हणाले की ‘या, आम्हीही कळवतो’ म्हणा. ‘वाट बघतो’ नको.