‘तीव्र बफर’ की ‘जास्त क्षमतेचे बफर’?

अबोली
पदवीच्या पहिल्या वर्षासाठी जीवरसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची एक पुस्तिका मी मराठीत आणते आहे. त्यात सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार यांच्यापासून बफर तयार करण्याचा प्रयोग असून, अभिक्रियेत आम्ल सुटत असेल तर बफर ‘स्ट्राँग’ घ्यावे, अशी सूचना पुढे येते. मी ‘तीव्र बफर’ असे लिहिले होते. पुस्तिका तपासणाऱ्या प्राध्यापकांनी ते खोडून ‘जास्त क्षमतेचे बफर’ असे केले. मूळ लेखकाला संहतीच अभिप्रेत असावी, असे मला वाटते. दोन्ही शब्दांनी एकच गोष्ट सांगितली जाते का?

शब्दवेध
आधी ‘बफर’ या शब्दाचाच विचार व्हावा. हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘उभय प्रतिरोधी विलयन’ असा शब्द आहे. आपण ‘उभयप्रतिरोधी द्रावण’ म्हणावे, कारण आम्ल आणि आम्लारी अशा दोहोंना विरोध करणे हा या द्रावणाचा गुण त्या शब्दातच सामावलेला आहे. ‘बफर’ म्हटल्यावर सामान्य वाचकाला रेल्वेच्या डब्याचे धक्के झेलणारे बफर आठवते, द्रावण आठवत नाही. राहिला प्रश्न ‘तीव्र’चा. तो शब्द आपल्याकडे तीव्र आम्लासाठी रूढ आहे. ‘सौम्य आम्लाचे तीव्र बफर’ असे वाचून विद्यार्थी गोंधळणारच.

सह्याद्री५५
मी बारावीला अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे. बफरची क्षमता पीकेएवर, म्हणजे ज्या पीएचला आम्ल आणि क्षार समान असतात त्या आकड्यावर, ठरते, संहतीवर नव्हे, कारण सूत्रात क्षार आणि आम्ल यांचे केवळ गुणोत्तर येते. पीकेएच्या एक एकक खाली आणि एक एकक वर एवढ्या पट्ट्यात बफर काम करते. ॲसिटेटचे पीकेए ४.७६ आहे, तेव्हा ५.० असो वा ५.७, ते सारखेच चालेल. त्यामुळे अबोलीताई, ‘तीव्र’ आणि ‘क्षमता’ यांचा एकमेकांशी संबंधच नाही.

प्रयोगवही
सर, गुणोत्तरावर पीएच ठरतो हे आपले म्हणणे बरोबर आहे. क्षमता मात्र त्या गुणोत्तराइतकीच प्रत्यक्ष मिलिमोलांवरही ठरते. ॲसिटेटचेच एक उदाहरण पूर्ण करून पाहू.

०.१ मोलर, पीएच ५.०, ५०० मि.ली. बफर हवे आहे. म्हणजे एकूण ॲसिटेट ५० मिलिमोल. पीएच पीकेएपेक्षा ०.२४ ने वर असल्याने क्षाररूप आम्लरूपाच्या १.७४ पट हवे, म्हणजे ३१.७ आणि १८.३ मिलिमोल. हिमरूप ॲसेटिक आम्ल सुमारे २.९ मि.ली. घेऊन ते साधारण ४०० मि.ली. पाण्यात मिसळावे आणि १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ३१ मि.ली.पर्यंत घालावे. त्यानंतर मीटर पाहत थोडे थोडे घालून ५.० गाठावे आणि शेवटी पाण्याने ५०० पूर्ण करावे. हिशेबाने ३१.७ मि.ली. पुरायला हवे, पण तेवढे घातल्यावर मीटर बहुधा ४.९ च्या आसपास दाखवील. तो मीटरचा दोष नव्हे. द्रावणातील आयनांमुळे प्रत्यक्षातले पीकेए पुस्तकातल्यापेक्षा सुमारे एक दशांशाने खाली येते. घाईने आम्लारी जास्त पडली म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल घालून मागे येऊ नये. पीएच जुळेल, पण त्यात नको असलेले मीठ तयार होईल.

आता या ५०० मि.ली.मध्ये ५ मिलिमोल तीव्र आम्ल घातले, तर हिशेबाने पीएच ४.८२ होतो, आणि तेवढीच तीव्र आम्लारी घातली तर ५.२०. हेच बफर ०.०१ मोलरचे असते तर त्यात क्षाररूप जेमतेम ३.२ मिलिमोल असते. ते संपून आम्ल उरले असते आणि पीएच २.४ वर गेला असता. गुणोत्तर तेच, पीएच तोच, टिकाव मात्र वेगळा.

शब्दवेध
म्हणजे संहती वाढली की क्षमता वाढते. मग अबोलीताईंचा ‘तीव्र’ अर्थाने बरोबर ठरतो, रूढीने नाही.

प्रयोगवही
पीएच तोच ठेवला तरच. त्याच ०.१ मोलर ॲसिटेटचे पीएच ६.० चे बफर करून पाहा. त्यात क्षाररूप ४७.३ आणि आम्लरूप फक्त २.७ मिलिमोल असते. ५ मिलिमोल आम्ल घातले तर पीएच ५.५ वर येतो, म्हणजे थोडाफार विरोध होतो. ५ मिलिमोल आम्लारी घातली तर आम्लरूप संपून जाते आणि पीएच साडेअकराच्या पुढे जातो. संहती तीच असूनही या बफरची क्षमता पीएच ५.० वाल्याच्या सुमारे एक पंचमांश आहे. ती भरून काढायची तर ॲसिटेट जवळजवळ पाचपट, ०.५ मोलर, करावे लागेल, आणि एवढे आयन पुष्कळशा विकरांना मानवत नाहीत. त्यापेक्षा सुमारे ६.१ पीकेए असलेले एमईएस घेणे शहाणपणाचे. व्हॅन स्लाइकने १९२२ मध्ये क्षमतेला संख्येत बसवले, ते याच कारणाने: एक लिटर द्रावणाचा पीएच एका एककाने बदलायला किती मोल तीव्र आम्लारी लागेल. पीएच आणि पीकेए समान असताना ती सर्वांत जास्त, मोलर संहतीच्या सुमारे ०.५८ पट, असते आणि पीकेएपासून एक एकक दूर गेल्यावर त्याच्या एक तृतीयांश उरते.

शब्दवेध, आपल्या ‘उभय’साठी हे उदाहरण अडचणीचे आहे. पीएच ६.० चे ॲसिटेट एकाच बाजूने प्रतिरोध करते.

शब्दवेध
ती अडचण शब्दाची नाही, निवडीची आहे. जे दोन्ही बाजूंनी टिकत नाही त्याला उभयप्रतिरोधी म्हणूच नये. शब्द ही अट विद्यार्थ्यासमोर ठेवतो, ‘बफर’ ठेवत नाही.

सह्याद्री५५
हे मान्य करणे कठीण जाते. पट्टा एक एककाचाच आहे असे आम्ही नेहमी शिकवले आणि ६.० हे त्या पट्ट्याबाहेरचे उदाहरण आहे. पट्ट्याच्या आत फरक किती पडतो तेही सांगावे.

प्रयोगवही
पीएच ५.७ ला ०.१ मोलर ॲसिटेटमध्ये आम्लरूप सुमारे ५ मिलिमोल असते, म्हणजे वरच्या उदाहरणातली आम्लारी ते जवळजवळ संपवून टाकते. पट्टा हा सोयीचा संकेत आहे. त्याच्या आत क्षमता सपाट नसते.

नदीकाठ
माझा अनुभव थोडा निराळा आहे. प्रथिने वेगळी करताना मी ट्रिसचे बफर २५ अंशांवर ८.० ला जुळवले आणि ४ अंशांच्या शीतखोलीत नेले. तिथे पीएच ८.६ च्या आसपास दिसला. क्षमता कमी असेल म्हणून संहती दुप्पट केली, तरी फरक पडला नाही. यालाही क्षमताच म्हणायचे ना?

प्रयोगवही
नाही. तुमच्या द्रावणात कोणी आम्ल वा आम्लारी घातली नव्हती, पीकेए स्वतःच सरकले. ट्रिसचे पीकेए दर अंशाला सुमारे ०.०२८ ने बदलते, २१ अंशांत ०.६, आणि संहती कितीही वाढवली तरी ते थांबत नाही. ज्या तापमानाला वापरायचे त्याच तापमानाला, इलेक्ट्रोडही तिथेच प्रमाणित करून, पीएच जुळवावा आणि बाटलीवर पीएचसोबत तापमान लिहावे. फॉस्फेटमध्ये हा बदल साधारण दहा पटींनी कमी असतो.

अबोली
आता मी ‘स्ट्राँग’साठी एकच शब्द शोधणे सोडून, अभिक्रियेत किती मिलिमोल आम्ल सुटेल त्याच्या निदान दहापट ॲसिटेट घ्यावे आणि पीएच पीकेएजवळचा असावा, असे वाक्य लिहिणार आहे. प्राध्यापक मात्र ‘क्षमता’ शीर्षकातही हवी म्हणतात.

शब्दवेध
पीएच पीकेएजवळ असावा ही अट वाक्यात आली, हे उत्तम. शीर्षकात ‘उभयप्रतिरोध-क्षमता’ असावे, यावर मी ठाम आहे.

सह्याद्री५५
दहापट कशावरून? आम्लरूप आणि क्षाररूप समान असतील तर दहापटीत पीएच किती हलेल, ते आधी वहीत मांडून पाहतो.