लांबलचक बिल आणि लांबून काढलेला फोटो: परत कसा मागवता?

हिशेबी_मावशी
मेडिक्लेमसाठी औषधांचं दोन फुटी बिल आलंय. टेबलावर ठेवून उभ्याने काढलेला फोटो. बिल मधोमध पांढऱ्या नाडीसारखं, बाकी सगळं टेबलक्लॉथ. जुने दिवस आठवले, तेव्हा लोक निदान झेरॉक्स तरी आणून द्यायचे. "नीट फोटो पाठवा" म्हटलं की तसाच दुसरा येतो. तुम्ही नक्की काय लिहून पाठवता?

खातेवही
"नीट" या शब्दाने काहीच कळत नाही. त्यांच्या फोनवर तो फोटो नीटच दिसतोय. काय वाचता येतंय आणि काय नाही ते सांगायचं. माझा मेसेज ठरलेला आहे, उचला:

"काका, बिल मिळालं. दुकानाचं नाव वाचता येतंय, पण औषधांच्या ओळी आणि खालची एकूण रक्कम वाचता येत नाही. तेच बिल तीन फोटोंत पाठवाल का? प्रत्येक फोटोत बिलाचा एक वीतभर भाग, कडेपर्यंत भरलेला. पहिल्या फोटोतल्या शेवटच्या तीन ओळी दुसऱ्यात परत दिसू द्या, दुसऱ्यातल्या तिसऱ्यात. आधीचा अख्ख्या बिलाचा फोटो राहू द्या, तोही लागेल."

तीन ओळी परत घ्यायला सांगायचं कारण म्हणजे बिल नंबर वर असतो आणि रक्कम खाली. जोड दिसला नाही तर दोन्ही तुकडे एकाच बिलाचे कशावरून, असं तपासणारा विचारतो.

पिंट्या७
एवढं कशाला, २एक्स झूम करून काढा म्हणावं

खातेवही
@पिंट्या७ अर्धं बरोबर. बऱ्याच फोनांत झूम म्हणजे नुसती कापाकापी. उभं राहून झूम केलं तर हात हलल्याचा धूसरपणाही मोठा होऊन येतो. फोन अगदी जवळ नेल्यावर त्याचीच सावली पडत असेल किंवा फोकस लागत नसेल, तर थोडं मागे येऊन २एक्स चालतं. फ्रेममध्ये मात्र तेवढाच वीतभर भाग हवा.

रात्रपाळी
फोटो चांगला काढूनही व्हॉट्सॲप त्याची वाट लावतं. साध्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू साधारण 1600 ठिपक्यांवर येते. 60 सेंटिमीटरचं बिल असेल तर सेंटिमीटरला 26-27 ठिपके. अडीच मिलिमीटर उंचीच्या आकड्याला जेमतेम सहा-सात. तेवढ्यात 3 आणि 8 सारखेच दिसतात. वीतभर भाग घेतला की त्याच आकड्याला सोळा-सतरा मिळतात आणि तो वाचता येतो. म्हणून आधी जवळून, मग "डॉक्युमेंट म्हणून पाठवा". लांबून काढलेला फोटो डॉक्युमेंट करून पाठवला तर थोडा सुधारतो, पण दोन फुटी बिलाला पुरेलच असं नाही.

सुगरण_नाही
दोन गोळ्यांच्या पाकिटांना दोन फूट बिल?? खाली ऑफर आणि "पुन्हा या"च जास्त असेल 😄

हिशेबी_मावशी
@सुगरण_नाही नाही गं, महिन्याची औषधं आहेत, प्रत्येकाचा बॅच नंबर, एक्स्पायरी. आणि "पुन्हा या" खरंच आहे, मेडिकलवाल्याने 😂

गोदाकाठ
माझं बिल पूर्ण पांढरं पडलंय, मार्चचं. इस्त्री फिरवली तर अक्षरं येतील का?

खातेवही
@गोदाकाठ अजिबात नको!! थर्मल कागद आहे, इस्त्रीने सगळा काळा होईल. लॅमिनेशनही नको, आणि अक्षरांवर सेलोटेपही नको, गोंदाने छपाई उडते. दुकानात मार्चचं बिल म्हणून सांगून दुसरी प्रत मागा.

पिंट्या७
मग स्कॅन ॲप वापरा ना, आपोआप सरळ होतं

रात्रपाळी
सरळ होतं, मान्य. पण जे ठिपके टिपलेच नाहीत ते ॲप कुठून आणणार? शिवाय काळं-पांढरं मोड लागला तर फिकट ओळी गायब होतात, रंगीत ठेवायला सांगा.

अनामिका_पुणे
पॅनोरामा?

खातेवही
हात जरा वाकडा गेला की मधली एखादी ओळ दोनदा येते किंवा गिळली जाते. बेरीज जुळत नाही म्हणून तासभर डोकं खाजवायचं. तीन फोटोच बरे.

आणि फ्लॅश बंद. थर्मल कागद चकाकतो, बरोबर रकमेवर पांढरा डाग बसतो. खिडकीजवळ, उजेड बाजूने. बिल गुंडाळत असेल तर कडांवर चमचे ठेवा, छपाईवर नको.

बाराखडी
पाठवण्याआधी एकच परीक्षा सांगायची: फोटो मोठा करून जीएसटी नंबर मोठ्याने वाचा. पंधरा अक्षरं आहेत, महाराष्ट्रातल्या दुकानाचा 27 ने सुरू होतो. B की 8 असा प्रश्न पडला तर परत काढा. मात्र हा नंबर बहुतेक वर असतो. तो वाचता आला म्हणजे खालचा फोटोही ठीक, असं नाही. खाली रकमेतले पैसे वाचून बघायचे.

अनामिका_पुणे
व्हिडिओ पाठवला तर चालेल का पण? आमचे सासरे व्हिडिओच काढतात, सगळ्याचा

रात्रपाळी
चालत्या व्हिडिओत अक्षरं पुसट येतात. थांबत थांबत काढला तर वाचता येतो म्हणतात, मी भरवसा ठेवणार नाही.

हिशेबी_मावशी
खातेवहींचा मेसेज जसाच्या तसा पाठवला. उत्तर आलं: "वीत कोणाची, माझी की हिची?"