मदत हवी आहे: छातीत दुखण्याची केस, शिकवणार तिसऱ्या वर्षाच्या मुली

खाडीकाठ
रत्नागिरी जिल्ह्यात जीएनएमला मेडिकल-सर्जिकल शिकवते. दुसऱ्या वर्षाचे सहा-सात जणांचे गट आणि प्रत्येक गटाला तिसऱ्या वर्षाच्या दोघी शिकवायला, असा तासाभराचा बेत आहे. केस अशी: आंब्याच्या बागेत काम करणारे ५६ वर्षांचे काका. रात्री वडे-सागुती झाली, पहाटेपासून पोटाच्या वरच्या बाजूला जळजळ, घाम, एक उलटी. स्वतःच सांगतात, "पित्त झालंय." ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका.

अडचण अशी की मागच्या एका विषयाला सीनियर मुलींनी पहिल्या पाच मिनिटांत उत्तर सांगून टाकलं आणि उरलेला वेळ नोट्स वाचून दाखवल्या. या वेळी ते कसं टाळू?

घाटमाथा
सोपं आहे. मोना पाठ करून घ्या: मॉर्फिन, ऑक्सिजन, नायट्रेट, ऍस्पिरिन. आम्ही तसंच शिकलो, परीक्षेतही तेच येतं.

सिस्टरताई
आयसीयूत बरीच वर्षं काढली, आता शिकवते. घाटमाथा, ऍस्पिरिन चावून खायला द्यायची हे बरोबर. पण ऑक्सिजन सरसकट लावत नाहीत. सॅच्युरेशन ९०च्या खाली असेल किंवा धाप असेल तर. आणि या केसमध्ये नायट्रेटच घात करेल.

खाडीकाठ, तुमची केस चांगली आहे, फक्त सगळी माहिती एकदम देऊ नका. पहिल्या कागदावर काकांची तक्रार तेवढीच. बाकीचं चिठ्ठ्यांवर लिहून सीनियरच्या हातात ठेवा आणि विचारलं तरच चिठ्ठी द्यायची. बीपी विचारलं तर ९४/६०. नाडी विचारली तर ५२. मानेच्या शिरा बघितल्या का, असं कुणी विचारलं तर "फुगलेल्या", छाती ऐकली तर "स्वच्छ". ईसीजी दहा मिनिटांच्या आत काढायचा असतो, म्हणून गटात घड्याळ लावा. मुलं आहार-विहार विचारत बसली आणि ईसीजी मागितलाच नाही, तर सीनियरने गप्प राहून वेळ जाऊ द्यायचा. हे गप्प राहणंच त्यांना जड जातं.

मग शेवटची चिठ्ठी: डॉक्टर फोनवर सांगतात, "सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा." आता काय कराल?

शहाळं
माझ्या आईला दोन दिवस डाव्या बाजूला दुखतंय, दाबलं की जास्त. हे तेच असेल का? ईसीजी कुठे करावा?

सिस्टरताई
शहाळं, इथे कुणी सांगू शकणार नाही. आजच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी करून घ्या. दाबल्यावर दुखतं म्हणून हृदयाचं नाहीच, असं धरून चालू नका. घाम, धाप, चक्कर असेल तर आत्ता १०८ लावा.

खाडीकाठ
चिठ्ठ्यांची कल्पना आवडली. पण सॉर्बिट्रेटचं उत्तर "देऊ नये" एवढंच ना?

सिस्टरताई
तेवढ्यावर थांबलात तर मुलं पुन्हा पाठच करतील. कारण त्यांच्याकडून काढा. शिरा फुगलेल्या, फुप्फुसं स्वच्छ, बीपी उतरलेलं: उजवा कप्पा अडकला असावा. तो कप्पा परत येणाऱ्या रक्ताच्या भरण्यावर चालतो. नायट्रेटने शिरा सैलावतात, भरणं कमी होतं आणि बीपी कोसळतं. म्हणून नर्सने फोन न ठेवता सांगायचं, "सर, बीपी ९४/६०, नाडी ५२, खालच्या भिंतीचे बदल दिसताहेत. उजव्या बाजूचा ईसीजी काढू का?" हे वाक्य प्रत्येकीकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

उजवा ईसीजी काढूनही दाखवा. व्ही ४ची वायर उजवीकडे त्याच जागी, पाचव्या फासळीखालच्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यरेषेवर. मशीन मात्र कागदावर व्ही ४ असंच छापतं. पेनने लगेच "उजवा" लिहिलं नाही, तर पुढच्या दवाखान्यात तो डावा म्हणून वाचला जातो.

घाटमाथा
हे पटलं. पण सीनियर मुलीच चुकीचं सांगू लागल्या तर? उत्तरपत्रिका त्यांच्याकडे असायलाच हवी.

सिस्टरताई
दिली की त्या वाचून दाखवतात. मी आदल्या दिवशी त्यांनाच ही केस सोडवायला लावते, चिठ्ठ्यांसकट. त्या जिथे अडकतात तिथेच ज्युनियर अडकतात, हे त्यांना मग कळतं. हातात फक्त प्रश्न देते: "हे कशावरून म्हणालीस?", "आणखी काय बघशील?"

खाडीकाठ
आदल्या दिवशीची तालीम नक्की करते. उत्तरपत्रिकेबद्दल अजून धाकधूक आहे. सहा गट, मी एकटी. नायट्रेटबद्दल एखाद्या गटात चुकीचं ठरलं आणि मी तिथे पोचलेच नाही तर? तूर्त असं ठरवतेय की औषधाच्या चिठ्ठीवर प्रत्येक गटाने थांबून हात वर करायचा. कुणी असं करून पाहिलंय का? सगळे हात एकदम वर आले तर काय करता?