पाटीवर ग्रुपचं नाव, करारात भलतीच एलएलपी: तपासायचं कोणाला?

घोडबंदरकर:
कासारवडवलीला टू बीएचके बघतोय. होर्डिंगवर, ब्रोशरवर, सेल्स ऑफिसच्या कॉफीच्या कपावरसुद्धा मोठ्या ग्रुपचं नाव. अलॉटमेंट लेटरचा मसुदा आला, तर त्यात कधी न ऐकलेली एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था. २०२२ ची, भांडवल एक लाख. सेल्सवाला म्हणतो, "सर, ती आमचीच आहे, प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी असते." हे चालतं, की नंतर काखा वर करायची सोय आहे?

वाशीचा रहिवासी:
चालतं काय, असायलाच हवं! एकाच कंपनीत दहा प्रोजेक्ट असले की एका ठिकाणचं कर्ज थकलं की बाकी नऊ ठिकाणचे ग्राहक लटकतात. वेगळी एलएलपी म्हणजे ग्रुपची बाकीची देणी तुमच्या टॉवरच्या गळ्यात येत नाहीत. शिवाय ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के रेरा कायद्याने वेगळ्या खात्यातच ठेवावे लागतात. एक लाख भांडवल बघून घाबरू नका, एलएलपीत आकडा तेवढाच टाकतात आणि पुढचा पैसा कर्ज म्हणून आणतात. उगाच शंका काढत बसलात तर फ्लॅट जाईल हातचा.

हिशेबनीस:
वाशीकरांचं भांडवलाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. पण भिंत दोन्ही बाजूंनी असते. ग्रुपची देणी तुमच्याकडे येत नाहीत, तशी तुमची वसुलीही ग्रुपपर्यंत जात नाही.

समजा, ताबा रखडला. रेराच्या कलम १८ खाली तुम्ही व्याजासकट परतावा मागितला, महारेराने आदेश दिला, पैसे आले नाहीत म्हणून वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. तहसीलदार जप्ती कशावर आणणार? आदेश ज्याच्या नावाने, त्याच्या मालमत्तेवर. एलएलपीकडे तो अर्धवट टॉवर आणि न विकलेले फ्लॅट. तेही सावकाराकडे गहाण असले तर रांगेत तुमच्या पुढे कोण उभा आहे ते बघा. ग्रुपचं बीकेसीतलं चकचकीत ऑफिस त्या जप्तीत येत नाही.

म्हणून घोडबंदरकर, आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, mca.gov.in वर एलएलपीचा मास्टर डेटा काढा. नाव तंतोतंत टाका, तिथे एका शब्दाच्या फरकाने दुसरीच एलएलपी निघते. नियुक्त भागीदार कोण आहेत आणि चार्ज, म्हणजे कर्जापोटी मालमत्तेवर बोजा, आहे का, हे बघा. मग त्या भागीदारांचे डीआयएन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक, घेऊन ते आणखी कुठे आहेत ते तपासा. ग्रुपच्या मुख्य कंपनीत तीच माणसं दिसली तर ठीक. पण एक खाच आहे: त्या पानावर फक्त नियुक्त भागीदार दिसतात. ग्रुपची कंपनी स्वतः भागीदार आहे का, हे वार्षिक विवरणात, म्हणजे फॉर्म ११ मध्ये कळतं.

घोडबंदरकर:
बघितलं. दोन नियुक्त भागीदार. एक ग्रुपच्या मुख्य कंपनीतही संचालक आहे. दुसऱ्याचं नाव ग्रुपमध्ये कुठेच नाही, आडनावावरून जमीनमालकाच्या घरातला वाटतो. आणि एका फायनान्स कंपनीचा ६० कोटींचा चार्ज आहे.

हिशेबनीस:
म्हणजे ही जमीनमालकाबरोबरची भागीदारी दिसते. घोडबंदर पट्ट्यात असं सर्रास चालतं, त्यात वावगं नाही. पण ग्रुपचा हिस्सा किती, हे फॉर्म ११ बघितल्याशिवाय ठरवू नका. काही ठिकाणी ग्रुप फक्त नाव आणि विक्री सांभाळतो, फी घेतो, बांधकामाचा पैसा दुसऱ्याचा असतो.

चार्ज असणंही गैर नाही, कर्जाशिवाय टॉवर उभा राहत नाही. चार्ज नेमका कशावर आहे ते बघा: तुमच्याच विंगवर की पूर्ण प्लॉटवर. आणि करार नोंदवण्याआधी तुमच्या फ्लॅटच्या नंबराचं त्या फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र मागा. "सगळ्या प्रोजेक्टची एनओसी आहे" म्हणाले तर ती वाचून घ्या. बऱ्याचदा त्यात अट असते की पैसे ठराविक खात्यातच जमा झाले पाहिजेत. तुम्ही चेक दुसऱ्या नावाने दिलात तर ती एनओसी तुमच्यापुरती कागदच.

लोनवाला मित्र:
एवढा उपद्व्याप कशाला? प्रोजेक्ट दोन बँकांकडे अप्रूव्ह्ड आहे का ते बघा. त्यांच्या वकिलांनी टायटल, परवानग्या, चार्ज सगळं तपासलेलं असतं. माझा डोंबिवलीचा फ्लॅट मी तसाच घेतला.

हिशेबनीस:
टायटल बघतात, मान्य. पण एलएलपी बुडाली तर ग्रुप पैसे देईल का, हे बँक तुमच्यासाठी तपासत नाही. तिचा हप्ता तुमच्या पगारातून येणार आहे.

नौपाड्याच्या काकू:
आमच्या सोसायटीचा पुनर्विकास आहे. करार बिल्डरच्या प्रायव्हेट लिमिटेडबरोबर केला, आता तो म्हणतो की बांधकाम नवीन एलएलपी करेल, तुम्ही फक्त सभेत ठराव करा. तर आम्हीही हा फॉर्म ११ काढायचा का?

हिशेबनीस:
काकू, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुम्ही फ्लॅट विकत घेत नाही, तुम्ही बिल्डरला बांधकामाचे हक्क देताय. करारात हक्क दुसऱ्याला द्यायची मुभा आहे का, ते आधी वाचा. नवीन एलएलपी आणायचीच असेल तर जुन्या कंपनीने जबाबदार राहायचं, तसं पूरक करारात लिहून घ्या, आणि भाड्याची व कामाची बँक गॅरंटी असेल तर ती नवीन नावाने आल्याशिवाय ठराव करू नका. तुमच्या हातात जोर आहे, घोडबंदरकरांच्या हातात नाही.

अर्धा वकील:
एलएलपीपेक्षा साधी भागीदारी फर्म बघा, लोक उगाच नाकं मुरडतात. १९३२ च्या कायद्याने प्रत्येक भागीदार फर्मच्या देण्याला वैयक्तिक जबाबदार असतो. एलएलपीत तसं नाही. फक्त फर्म एमसीएच्या साइटवर सापडणार नाही, ती रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे. आणि रेराच्या व्याख्येत बांधणारा आणि विकणारा वेगळे असले तरी दोघेही प्रवर्तक, एकत्रित जबाबदार. म्हणजे होर्डिंगवर नाव आलं की ग्रुप अडकलाच!

हिशेबनीस:
फर्मचं बरोबर. पण तिचे भागीदार माणसं आहेत की पुन्हा एलएलपीच, तेही बघा. होर्डिंगचं मात्र इतकं सोपं नाही. "विकणारा" म्हणजे ब्रँड का, यावर भांडावं लागेल, आणि ते भांडण तुमच्या खर्चाने. त्यापेक्षा महारेराच्या पानावर प्रवर्तक आणि सहप्रवर्तक म्हणून कोणाकोणाची नावं आहेत ते आजच बघा. तिथे ग्रुपची कंपनी असेल तर वादच उरत नाही. तुमच्या विंगचाच नोंदणी क्रमांक उघडा. एकाच कॉम्प्लेक्सच्या ए आणि सी विंगचे क्रमांक वेगळे असू शकतात, आणि प्रवर्तकसुद्धा.

वाशीचा रहिवासी:
आणि नसेल तर? ग्रुपने करारात सही करावी म्हणून हट्ट धरायचा? एका फ्लॅटसाठी कोणी करार बदलत नाही. माझ्या माहितीतल्या एकालाही तशी सही मिळालेली नाही.

हिशेबनीस:
मिळत नाही, खरंय. पण बुकिंगआधी ईमेलवर विचारा: "ग्रुपची कंपनी या एलएलपीत भागीदार आहे का आणि तिचा हिस्सा किती?" उत्तर लेखी आलं तर उद्या उपयोगी पडेल. फोनवरच बोलत राहिले तर तेही उत्तरच. आणि ताब्यानंतरची पाच वर्षं विसरू नका. गळती, तडे, बांधकामातले दोष दुरुस्त करायची जबाबदारी प्रवर्तकाची. फ्लॅट विकून झाल्यावर एलएलपीच्या खात्यात काय उरतं, ते वाशीकरांनी सांगावं.

वाशीचा रहिवासी:
माझ्या बिल्डिंगची गळती एलएलपीनेच दुरुस्त केली. ग्रुपला पुढचे फ्लॅट विकायचे असतात, नाव जपावंच लागतं.

हिशेबनीस:
विकायचे असतात तोवर.

घोडबंदरकर:
महारेराच्या पानावर प्रवर्तक म्हणून फक्त एलएलपी. सेल्सवाल्याला ईमेल टाकलाय. त्याचा फोन आला, म्हणाला, "सर, असं कोणी विचारत नाही. टोकनचा चेक आज द्या, आमच्या मार्केटिंग कंपनीच्या नावाने चालेल."

लोनवाला मित्र:
नका देऊ हो तो चेक. एलएलपीच्या प्रोजेक्ट खात्याशिवाय दुसऱ्या नावावर एक रुपयाही नाही.