विणलेल्या कापडावरची तारीख पुसायची: कंटेंट-अवेअर फिल की क्लोन स्टॅम्प?

धागेदोरे: एका जुन्या फोटोचं स्कॅन आहे. खालच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली नारिंगी तारीख आहे, साधारण 180 पिक्सेल रुंद आणि 26 उंच. मागे जाड विणीचं साधं कापड. फोटोशॉपमध्ये चौकोन निवडून कंटेंट-अवेअर फिल केलं, तर दुरून ठीक दिसतं, पण जवळून पाहिलं की धागे मध्येच तुटलेले आणि एका जागी नारिंगी ठिपका परत उगवलेला. क्लोन स्टॅम्पने हाताने करू का? की फिलच नीट वापरायला शिकू?

पिवळीरेघ: फिलला दोष देऊ नका. तुम्ही अख्खा चौकोन दिलात, म्हणून त्याला एवढं मोठं भोक बुजवावं लागलं. आकड्यांपुरतंच सिलेक्शन करा, ते 3-4 पिक्सेलने वाढवा आणि मग `Edit > Content-Aware Fill` उघडा. हिरवा भाग दिसतो ना, तिथून तो नमुना उचलतो. त्यातून उरलेली नारिंगी छटा ब्रशने पुसून टाका, ठिपका परत येणार नाही. `Rotation Adaptation` मात्र `Full` ठेवा, म्हणजे त्याला जास्त पर्याय मिळतात. पाच मिनिटांचं काम आहे, क्लोन करत संध्याकाळ कशाला घालवायची?

उभाआडवा: सिलेक्शनचं आणि हिरव्या भागाचं अगदी बरोबर. स्कॅन जेपेग असेल तर अक्षरांभोवती रंगाची धूसर कड असते, ती सुटली की पुसलेल्या तारखेची सावली राहते. पण `Rotation Adaptation` कापडावर `None`च हवं. नमुना जरा जरी फिरवला तरी उभा धागा तिरपा होतो आणि डोळा नेमका तिथेच अडखळतो.

माझं मत क्लोन स्टॅम्पच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण विणीतच आहे. फिल भोकाच्या कडांशी जुळणारे तुकडे शोधून जोडतं. कापडात असे जुळणारे तुकडे शेकड्याने सापडतात, पण आतल्या सांध्यावर ते अर्ध्या धाग्याने सरकतात. क्लोनमध्ये ते अंतर आपण स्वतः ठरवतो.

रूलर टूलने दहा धागे मोजा. समजा 70 पिक्सेल आले, म्हणजे एक धागा 7 पिक्सेलचा. साधी वीण एक वर, एक खाली अशी जाते, म्हणून नक्षी दर दोन धाग्यांनी, म्हणजे 14 पिक्सेलनी परत येते. नमुना 14 च्या पटीत लांबून घ्यायचा. तुमची तारीख वाढवलेल्या कडांसकट 34 उंच होईल, म्हणून 42 वरून घ्या. `Clone Source` पॅनेलमध्ये ते अंतर टाइप करता येतं. `Aligned` चालू, रिकाम्या नव्या लेयरवर, `Sample: Current & Below`. ब्रश फार मऊ नको. मऊ कडेत दोन नमुने मिसळतात आणि वीण पुसट होते. मी कडकपणा 70 टक्क्यांच्या आसपास ठेवते.

मोकळीवाट: मी परवाच भिंतीवरचं छोटं लेबल काढलं. खरबरीत प्लास्टर होतं. फिल एका फटक्यात झालं, शोधूनही सापडत नाही. एवढं मोजमाप मला जास्तच वाटतंय.

उभाआडवा: प्लास्टरला मोजायचं काहीच नसतं, त्याचे कण कसेही पडलेले असतात. तिथे मीही फिलच वापरते. उलट तिथे क्लोन केलं तर एकच खडा दोनदा दिसून पकडलं जातं.

नवखी_सई: तारीख काढून दुसरी टाकायची असेल तर कोणता फॉन्ट घ्यायचा?

पिवळीरेघ: तारीख फक्त काढायची आहे, टाकायची नाही. उभाआडवा, मोजमाप पटलं. पण उजेड एका बाजूने येत असेल तर 42 वरून आणलेला तुकडा उजळ किंवा काळा पडणार. फिलमध्ये `Color Adaptation` ते सांभाळून घेतं.

उभाआडवा: म्हणून उजेड ज्या दिशेने बदलत नाही, त्या दिशेने नमुना घ्यायचा. डावीकडून उजेड असेल तर सरळ वरून घ्या, आडवं नको. खात्री करायला सगळ्यांत वर कर्व्ह्ज लेयर टाकून कॉन्ट्रास्ट भरपूर ताणा. पट्टा उरला असेल तर लगेच दिसतो. बघून झालं की तो लेयर काढून टाका.

धागेदोरे: करून बघितलं. माझा धागाही जवळपास 7 निघाला. डावीकडचे आकडे असे गेले की मलाच जागा सापडत नव्हती. धाग्यातली एक गाठ दोनदा आली होती, ती खालून नमुना घेऊन झाकली. पण शेवटचे दोन आकडे कापडाच्या चुणीवर आहेत, तिथे धागे वाकतात आणि 14 चा हिशेब बसत नाही.

पिवळीरेघ: तेवढ्यापुरतं फिल करा, नमुना फक्त चुणीवरचा द्या.

उभाआडवा: मी तिथेही क्लोनच करेन, चुणीच्या रेषेवरूनच थोडं थोडं, दर धाग्याला नवा नमुना घेत. फिलने चुणीची सावली सपाट होईल अशी मला भीती वाटते.

धागेदोरे: दोन वेगळ्या लेयरवर दोन्ही करते. उद्या 100 टक्क्यांवर शेजारी ठेवून बघेन.