सल्ला हवा: कर्व्हवर १४ लिटर दिसतात, शेतात ७ मिळतात. पंप बदलू का?

कृष्णाकाठ_वाळवा
नदीवरून उपसा आहे, साडेसात एचपीचा मोनोब्लॉक. नदीच्या पाण्यापासून शेतातल्या टाकीच्या तोंडापर्यंत उभी चढण १८ मीटर. पाइप ९० मिमीचा, पीव्हीसी, ४५० मीटर. डीलरकडून पंपाचा कर्व्ह मागून घेतला. त्यात १८ मीटरला सेकंदाला १४ लिटर दिसतात. मी २०० लिटरचं बॅरल लावून बघितलं, भरायला २८ ते २९ सेकंद लागले, म्हणजे जेमतेम ७ लिटर. दोन वर्षांपूर्वी पाणी नक्की जास्त होतं, पण तेव्हा मोजलं नव्हतं. ऊस वाळायच्या आत निर्णय घ्यायचाय. कोणता पंप घेऊ?

बागायतदार_तासगाव
दादा, नुसती चढण धरून कर्व्ह वाचायचा नसतो. पाइपचं घर्षण मिळवा. आम्ही ९० मिमीला शंभर मीटरला ३ मीटर धरतो. तुमचे साडेतेरा झाले, एकूण साडेएकतीस. तिथे कर्व्ह किती दाखवतो ते बघा, पावणेदहाच्या आसपास असेल. तरी ७ मिळत असतील तर पंप कमी पडतोय. सरळ १० एचपी घ्या.

चाचणीघर
मी अठ्ठावीस वर्षं पंप टेस्टिंगला होतो. तासगावकरांचं अर्धं बरोबर आहे, घर्षण मिळवायलाच हवं. पण ‘शंभर मीटरला ३’ हा आकडा एकाच प्रवाहाला लागू होतो. प्रवाह दुप्पट केला की घर्षण जवळपास चौपट होतं. म्हणून पाइपलाइनचा एक आकडा नसतो, तिचाही कर्व्ह असतो आणि तो पंपाच्याच कागदावर काढायचा.

वाळवेकर, तुमच्या पाइपात ८ लिटर वाहताना फूटव्हॉल्व्ह आणि बेंड धरून साधारण १२ मीटर घर्षण जातं. शून्य प्रवाहाला फक्त चढण, म्हणजे १८ वर टिंब. ४ लिटरला घर्षण ३, म्हणून २१. ८ लिटरला ३०. १० लिटरला पावणेसदतीस. ही टिंबं जोडा. खालून वर चढत जाणारी ही रेघ तुमच्या पाइपलाइनची. पंपाची रेघ वरून खाली येते. दोन्ही जिथे छेदतात तिथेच पंप चालणार, दुसरीकडे कुठे चालूच शकत नाही. तुमच्या कर्व्हवरचे आकडे टाका, मी छेद सांगतो.

कृष्णाकाठ_वाळवा
सर, कागदावरचे आकडे असे: व्हॉल्व्ह बंद असताना ४० मीटर, ६ लिटरला साडेसदतीस, ८ ला ३५, १० ला ३१, १२ ला २६. सगळ्यात जास्त एफिशियन्सी १२ लिटरजवळ लिहिली आहे. नदी आता उतरली आहे, मी १८ धरले ते आजचेच.

चाचणीघर
मग छेद ९ लिटर आणि ३३ मीटरवर येतो. १४ लिटरची अपेक्षा सोडा, ते या पाइपातून कधीच मिळणार नव्हते. खरी तूट ९ आणि ७ मधली, दोन लिटरची.

आता १० एचपीचं. समजा नवा पंप प्रत्येक प्रवाहाला सव्वापट हेड देतो. तो तुमच्या पाइपावर लावला तर छेद सव्वादहा लिटरच्या आसपास सरकतो, कारण पाइपची रेघ तिथे फार उभी आहे. उलट हाच पंप नीट करून पाइप ११० मिमीचा केला तर घर्षण निम्म्याहून खाली येतं आणि छेद साडेअकरावर जातो, तेही उत्तम एफिशियन्सीच्या अगदी शेजारी.

पण आधी दोनपैकी कोणती रेघ सरकली ते शोधा. ७ लिटरला पंपाने ३६ मीटरच्या वर हेड द्यायला हवं. पाइपलाइनला मात्र ७ लिटर न्यायला २७ पुरतात. डिलिव्हरीला प्रेशर गेज आणि सक्शनला व्हॅक्यूम गेज लावा. दोन्हींची बेरीज ३६ आली तर पंप ठणठणीत आहे आणि पाइपात काहीतरी अडलंय. २७ आली तर पाइप निर्दोष, पंप खाली उतरलाय.

डोंबिवली_सोसायटी
आमच्याकडेही असंच. गच्चीवरच्या टाकीला एक पंप पुरत नव्हता म्हणून तसलाच दुसरा शेजारी लावला. पाणी दुप्पट होईल असं प्लंबर म्हणाला होता, पाव हिस्सासुद्धा वाढलं नाही. तुम्हीही दुसरा पंप घेऊ नका.

चाचणीघर
सेक्रेटरीसाहेब, त्यांचा प्रश्न दुसऱ्या पंपाचा नाही, पण कारण तेच. दोन पंपांचा प्रवाह जुळतो खरा, पण पाइप तोच जुना. प्रवाह वाढला की घर्षण चढतं आणि दोन्ही पंप आपापल्या कर्व्हवर डावीकडे ढकलले जातात.

कृष्णाकाठ_वाळवा
गेज लावले. चालू असताना डिलिव्हरीला २.३ किलो, सक्शनला ३०० मिमी पारा.

चाचणीघर
२.३ किलो म्हणजे २३ मीटर, ३०० मिमी पारा म्हणजे ४ मीटर. बेरीज २७. पाइप सुटला, पंप सापडला.

मोटार रिवाइंड करून आणली होती का? दोन फेज अदलाबदल झाल्या तर पंप उलटा फिरतो. पाणी तरीही येतं, म्हणून लोकांना पत्ताच लागत नाही. आधी बाण बघा. नंतर डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून दहा-पंधरा सेकंद गेज वाचा. जास्त वेळ नको, आतलं पाणी तापतं. अँपिअरही सांगा.

कृष्णाकाठ_वाळवा
रिवाइंडिंग गेल्या वर्षी झालं, पण बाण बरोबर आहे, वायरमनला बोलावून खात्री केली. व्हॉल्व्ह बंद करून ३.५ किलो, सक्शन २६० मिमी. अँपिअर पूर्वीपेक्षा किंचित जास्तच आहेत.

चाचणीघर
बंद व्हॉल्व्हला साडेअडतीस मीटर झाले, कागदावर ४० आहेत. हे फार चांगलं लक्षण आहे. इम्पेलरचा व्यास कमी असता किंवा फिरण्याची गती घटली असती तर हेही हेड बरंच पडलं असतं आणि अँपिअर उतरले असते. तुमचा इम्पेलर पाणी पुरेसं उचलतोय, पण त्यातलं काही वेअर रिंगच्या झिजलेल्या फटीतून आतल्या आत परत सक्शनला जातंय. हिशेब केला तर पंप आत जवळपास पावणेबारा लिटर हलवतोय आणि बाहेर ७ पाठवतोय. म्हणून अँपिअर जास्त. नदीच्या वाळूने हे नेहमी होतं.

फिटर_इस्लामपूर
सर, तुमचा मान ठेवून सांगतो, पावणेपाच लिटरची गळती फक्त रिंगमधून हे मला जास्त वाटतं. या भागात निम्म्या पंपांना ग्लँडमधून किंवा सक्शनच्या जॉइंटमधून हवा लागलेली असते. टाकीच्या तोंडाशी पाणी फेसाळतंय का ते विचारा.

कृष्णाकाठ_वाळवा
थोडे बुडबुडे दिसतात, काटा मात्र स्थिर आहे.

चाचणीघर
फिटरभाऊंची शंका रास्त आहे. हवा मोठी असती तर काटा थरथरला असता आणि अँपिअर खाली आले असते, म्हणून मी रिंगच धरतो. पण बुडबुडे दिसतात तर थोडी हवाही असेल. उघडण्याआधी सगळ्या सक्शन जॉइंटना ग्रीस चोपडून पुन्हा बॅरल लावा. प्रवाह वाढला तर तेवढा वाटा हवेचा.

कृष्णाकाठ_वाळवा
ग्रीस लावलं. बॅरल आता २७ सेकंदांत भरतं. शनिवारी दिवसपाळीची लाइट आहे, त्या दिवशी केसिंग उघडतो. रिंगची फट कशाने मोजायची, फीलर गेज चालेल का?

फिटर_इस्लामपूर
चालेल, चार बाजूंनी मोजा. एकीकडे जास्त आणि समोर कमी आली तर बेअरिंगही बघावं लागेल.